पंचविशी नेमकी कधी भरते?

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या संस्थांची भाषणं लिहून देता देता जमलेल्या या चार गोष्टी.

1. आधी विचारा, पंचवीस वर्षं कशाची? हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प 23 डिसेंबर 1973 चा; तो चालवणारी वरोऱ्याची महारोगी सेवा समिती मात्र 1949 ची. प्रकल्पाची पंचविशी 1998 मध्ये भरते, समितीची 1974 मध्येच भरून गेली होती. लहान संस्थांतही पहिली बैठक एका दिवशी, नोंदणी दुसऱ्या आणि प्रत्यक्ष काम तिसऱ्याच दिवशी सुरू झालेलं असतं. यातला एक दिवस कार्यकारिणीने ठरवावा आणि भाषणात त्याचं नाव घ्यावं: ‘नोंदणीपासून’ किंवा ‘कामाला लागल्यापासून’.

2. सगळा घोळ एका वर्षाचा असतो. हेमलकशाचंच गणित मांडू. 23 डिसेंबर 1973 हा पहिला वर्धापनदिन नव्हे, तो स्थापनेचा दिवस. पहिला वर्धापनदिन 1974 चा, दुसरा 1975 चा. असं मोजत गेलं की पंचविसावा येतो 23 डिसेंबर 1998 ला. पण पंचविसावं वर्ष लागतं 23 डिसेंबर 1997 ला आणि संपतं 22 डिसेंबर 1998 ला. म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षाचं उद्घाटन 1997 मध्ये केलं तर चूक नाही. त्या दिवशी ‘पंचवीस वर्षं पूर्ण’ असा फलक लावला, तर तो वर्षभर आधीचा. स्थापनेचा सोहळाच ‘पहिला कार्यक्रम’ धरून मोजणारे इथे हमखास फसतात. पडताळा सोपा आहे: दोन सनांची वजाबाकी करा. 1998 उणे 1973, पंचवीस. वक्त्याने ही वजाबाकी व्यासपीठावरच करून दाखवावी. सभागृहात बोटं मोजणारे एक-दोघे असतातच.

3. तिथीवाल्यांशी वाद घालू नका, पंचांग उघडा. 23 डिसेंबर 1973 ला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी होती. 1998 मध्ये ती तिथी 17 डिसेंबरला आली, म्हणजे सहा दिवस आधी. तिथी आणि तारीख साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा जवळ येतात, पंचविसाव्या वर्षी येतीलच असं नाही. पूजा हवी तर तिथीला करा, भाषणात तारीख सांगा. वारही बदलतो: तेव्हा रविवार होता, पंचवीस वर्षांनी बुधवार. सुटीच्या हिशेबाने हॉल आधीच अडवून ठेवणाऱ्यांनी हे बघावं. आणि संस्था 29 फेब्रुवारीची असेल, तर पंचविसाव्या वर्षी तो दिवस उगवतच नाही.

4. कार्यक्रम पुढे ढकलला तरी तारीख ढकलू नका. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 चा, पंचविशी 26 ऑगस्ट 2007 ची. भर पावसाळा, पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद. अशा दिवसांत जन्मलेल्या संस्थेने समारंभ दिवाळीनंतर खुशाल ठेवावा. मात्र भाषणाचं पहिलं वाक्य असं असावं: ‘आपल्याला पंचवीस वर्षं ऑगस्टमध्येच पूर्ण झाली, आज आपण त्यासाठी जमलो आहोत.’