फॉरमॅट नको करूस, आधी परवानगी काढून घे

अगं, त्या मोबाइलच्या दुकानदाराला थांब म्हणावं. फोन फॉरमॅट केलास तर तुझे फोटो, बायोलॉजीच्या नोट्सचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा, सगळ्यांचा घोळ होईल. तू पाठवलेले स्क्रीनशॉट मी नीट बघितले. ‘फोनमध्ये 13 व्हायरस सापडले’, ‘तुमचं सिम आज रात्री बंद होणार’, ‘तुम्हाला आयफोन लागला’. या सगळ्यांच्या वर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघ. आधी Chrome, आणि त्याच्या शेजारी एक विचित्र नाव, शेवटी .xyz नाहीतर .top. म्हणजे हे सगळं क्रोम दाखवतंय, एका वेबसाइटच्या सांगण्यावरून. व्हायरस असला असता तर त्यानं स्वतःच आपला पुकारा कशाला केला असता?

ही वेबसाइट आत कशी आली ते तुला आठवणार नाही, म्हणून मी सांगते. लातूरला आल्यापासून तू फुकटच्या टेस्ट सिरीजच्या पीडीएफ शोधतेस ना? तसली एखादी साइट उघडली की मध्येच एक पान येतं. वर रोबोटचं चित्र, खाली ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी Allow दाबा’, आणि एक बाण वरच्या खिडकीकडे. त्या खिडकीत इंग्रजीत लिहिलेलं असतं की ही साइट तुम्हाला नोटिफिकेशन पाठवू इच्छिते, आणि खाली Block आणि Allow. पान एक सांगतं आणि खिडकी दुसरंच विचारते. पान साइटवाल्याचं, खिडकी क्रोमची. खरी रोबोटची परीक्षा चौकटीत खूण करायला लावते, सिग्नल नाहीतर बस ओळखायला लावते. त्यासाठी कुणालाही नोटिफिकेशनची परवानगी लागत नाही. हे एवढं डोक्यात बसव.

एकदा Allow दाबलं की तू टॅब बंद कर, क्रोम बंद कर, त्या साइटला काही फरक पडत नाही. तिनं तुझ्या क्रोममध्ये एक छोटा प्रोग्रॅम ठेवलेला असतो. तिकडून संदेश निघाला की तो जागा होतो आणि तुझ्या स्क्रीनवर पाटी लावतो. क्रोममध्ये ही सोय 2015 सालापासून आहे, आणि ती होती बातम्यांसाठी, ईमेलसाठी. जाहिरातवाल्यांनी तिच्यावर धंदा मांडला.

आता तुझी तक्रार. ‘ताई, मी हिस्टरी काढली, दोन दिवस बरं वाटलं, परत चालू.’ बरोबर आहे, असंच होतं. हिस्टरी काढणं म्हणजे अंगणातली पावलं झाडून टाकणं, घराची किल्ली त्याच्याचकडे राहते. शिवाय क्रोममधला हिस्टरी पुसायचा झटपट पर्याय बहुतेक वेळा फक्त गेल्या पंधरा मिनिटांचंच पुसतो, वेळ बदलून All time केली नाहीस तर जुनं तसंच राहतं. समजा तू सगळ्या काळाच्या कुकीज आणि साइट डेटाही काढलास, तर तो छोटा प्रोग्रॅम जातो आणि शांतता होते. पण परवानगी जात नाही! पुढच्या वेळी पीडीएफच्या मागे तू त्याच साइटवर गेलीस की ती काही न विचारता पुन्हा कामाला लागते. खिडकी येत नाही, म्हणून तुला कळतही नाही. तुझे ते दोन शांत दिवस असेच गेले असणार.

म्हणून डेटा आणि परवानगी एकत्रच काढायची. फोन हातात घे आणि माझ्याबरोबर चल.

क्रोम उघड, उजवीकडचे तीन ठिपके, Settings, मग Site settings, मग Notifications. इथं Allowed म्हणून यादी दिसेल. तुझी यादी चांगली लांबलचक असेल, घाबरू नकोस. त्यात एखादी ओळखीची, तुला खरंच हवी असलेली साइट असेल तर ती सोड. बाकी ज्यांची नावं वाचून ‘हे काय आहे’ असं वाटतं, त्या एकेकीवर बोट ठेव. आत तिचं पान उघडेल. तिथं खाली डेटा पुसून परवानग्या मूळ जागी नेणारं बटण असतं, त्यावर Delete data and reset permissions असं काहीतरी लिहिलेलं असतं. जुन्या क्रोममध्ये ते Clear & reset होतं. ते दाबलं की त्या एका साइटचा डेटा जातो आणि परवानगीही जाते. बाकी कुठल्याही साइटवरून तू लॉगआउट होत नाहीस, म्हणून सगळ्या कुकीज पुसण्यापेक्षा हे बरं.

नको त्या साइट काढून झाल्या की त्याच पानावर वर एक मोठं बटण आहे, साइटना नोटिफिकेशन पाठवायची विनंती करू द्यायची की नाही त्याचं. ते बंद कर. पण क्रम हाच ठेव. नुसतं वरचं बटण बंद करून भागत नाही, कारण Allowed यादीत आधीच असलेल्या साइट त्या बटणाला जुमानत नाहीत. लोक तेवढं बटण बंद करतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी दिसते, आणि मग फोनच गेला म्हणून दुकानात जातात. व्हॉट्सअ‍ॅप, बँक, क्लासचं अ‍ॅप यांच्या सूचना यानं थांबत नाहीत, त्या अ‍ॅपच्या असतात. क्रोमला त्यात काही म्हणणं नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळ. या पाट्यांवर खाली कधी ‘बंद करा’, कधी Unsubscribe असं बटण असतं. त्यातलं काही क्रोमचं असतं आणि काही साइटनंच चिकटवलेलं. साइटला नोटिफिकेशनवर स्वतःची बटणं लावता येतात आणि त्यावर काय लिहायचं तेही तिच्याच हातात. ‘बंद करा’ दाबून तू जाहिरातीच्या पानावरच पोचशील. म्हणून पाटीवर काहीच दाबू नकोस, बोटानं बाजूला सरकव आणि Settings मध्ये जा.

आता दुसरं, ते आपोआप भलत्याच पानावर जाणं. Download वर बोट ठेवलं की नवीन टॅबमध्ये रमीची जाहिरात, परत आलीस की आणखी एक. तिथं तुझ्या बोटाखाली एक न दिसणारा पडदा असतो, पहिला स्पर्श तो गिळतो. Site settings मध्येच Pop-ups and redirects आहे, ते बंदच ठेव. पण खोटं कशाला सांगू, त्यानं सगळं थांबत नाही. क्रोम आपोआप उघडणाऱ्या खिडक्या अडवतो, तू स्वतः बोट लावल्यावर उघडणारी खिडकी त्याला तुझीच इच्छा वाटते. अशा पानावर अडकलीस तर मागे जायचं बटण दाबत बसू नकोस. काही पानं मागच्या वाटेतही स्वतःलाच भरून ठेवतात. वरच्या चौकोनी चिन्हावर बोट ठेव, टॅबची यादी उघड आणि ते टॅब तिथूनच बंद कर.

आणि उतरलेल्या फाइलचं नाव शेवटपर्यंत वाच. शेवट .pdf असेल तर ठीक. .apk असेल तर तो कागद नाही, अ‍ॅप आहे. उघडायचंच नाही, लगेच पुसायचं. सध्या लग्नपत्रिका म्हणून आणि वाहनाच्या दंडाची पावती म्हणून असल्याच फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात.

तुझ्या बाबतीत मला वाटतं, त्या साइटवर जायचं कारणच कमी करावं. नीटचे जुने पेपर परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्याच साइटवर, nta.ac.in वर मिळतात. एनसीईआरटीची पुस्तकं ncert.nic.in वर धड्यागणिक पीडीएफमध्ये फुकट आहेत, आणि नीटची बायोलॉजी तर त्यावरच उभी आहे. निकालाच्या दिवशी बोर्डाच्या साइटचा पत्ता, mahahsscboard.in, अक्षरन् अक्षर टाइप कर, शोधून येणाऱ्या पहिल्या पाच साइटवर नको. सगळ्या राज्याचा निकाल एकदमच लागतो, त्यामुळं त्या दुपारी सगळ्यांची झुंबड उडते, साइट उघडायला वेळ लागतो, आणि त्या घाईतच लोक भलतीकडे Allow दाबतात. अगदीच एखादी अनोळखी साइट उघडायची वेळ आली तर क्रोमच्या इनकॉग्निटो टॅबमध्ये उघड. तिथं साइटला नोटिफिकेशनची परवानगी मिळतच नाही.

हे सगळं करूनही जाहिरात आली तर ती कुठून येते ते बघ. क्रोम बंद असताना होम स्क्रीनवर पूर्ण पानभर जाहिरात उघडली, किंवा कॉल संपल्या संपल्या आली, तर ते वेबसाइटचं काम नाही, अ‍ॅपचं आहे. नोटिफिकेशन असेल तर त्यावर बोट दाबून धर, कोणत्या अ‍ॅपनं पाठवलं ते नाव दिसतं. मग अलीकडे कोणतं अ‍ॅप टाकलंस ते आठव. ते बहुतेक वेळा टॉर्च, कीबोर्ड, वॉलपेपर यातलं काहीतरी असतं. अशा वेळी साइट सेटिंगमध्ये तासभर बसून काही हाती लागणार नाही, ते अ‍ॅप काढ.

आणि एखाद्या पाटीवर बोट लागून तू कुठं कार्डाचा नंबर, यूपीआयचा पिन किंवा ओटीपी टाकला असशील, तर हे सगळं राहू दे, आधी बँकेला फोन कर आणि 1930 लाव. तो सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. उशीर झाला की पैसे पुढे सरकत जातात. मला सांगायला लाजू नकोस, मी रागावणार नाही.

येत्या रविवारी तू अहमदपूरला जाशील ना, तेव्हा आप्पांचाही फोन बघ. आप्पा लातूरच्या बाजारातला सोयाबीनचा भाव बघायला रोज दोन-चार साइट उघडतात, आणि त्यातली एखादी ‘ताजा भाव मिळवण्यासाठी अनुमती द्या’ म्हणाली की आप्पा देऊन टाकतात. परवा मला म्हणाले, बॅटरी खराब झाल्याचा मेसेज येतोय. मी फोनवरून समजवायला गेले, पण त्यांच्या फोनची भाषा मराठी आहे, ते ‘सूचना’ म्हणतात आणि मी Notifications म्हणते, दोघंही वैतागलो. तू समोर बसून कर. मेनूचा क्रम तोच आहे: सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, सूचना. भावासाठी त्यांच्या होम स्क्रीनवर पणन मंडळाची msamb.com लावून दे, तिथं बाजार समित्यांचे भाव येतात. आणि त्यांनी चुकून अ‍ॅप उतरवलंय का तेही बघ, त्यांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये .apk शोधायचं. सापडलं तर पुसण्याआधी मला फोटो पाठव.