भूल दिल्यावर मेंदूत काय होते?

झरीहून ऑपरेशनसाठी परभणीला जाताना अनेकांना वाटते, भूल म्हणजे गाढ झोपच. पण झोपलेला माणूस चिमटा काढला की जागा होतो. पूर्ण भूल दिलेला होत नाही.

आपल्या मेंदूत गाबा नावाचे रसायन पेशींना शांत करते. शिरेतून दिलेले प्रोपोफॉल हे औषध गाबाचा हा परिणाम वाढवते आणि मिनिटभरात शुद्ध हरपते. आवाज मेंदूपर्यंत पोचतो, पण मेंदूच्या भागांचा आपसातला संवाद तुटतो. म्हणून तो कळत नाही, असे शास्त्रज्ञ मानतात.

दारूही गाबाचाच परिणाम वाढवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याला सरावतो आणि भुलेचे औषध जास्त लागू शकते. म्हणून भूलतज्ज्ञांनी विचारल्यावर घरच्यांसमोर लाज वाटली, तरी दारू आणि झोपेच्या गोळ्या लपवू नका.