चुकाही जुळल्या, तर?

प्रश्न : नववीच्या गणिताच्या घटक चाचणीत शेजारी बसलेल्या दोन मुलींची उत्तरं चुकांसकट जुळतात. दोघींना शून्य द्यावं का?

उत्तर : लगेच नको. आधी चूक कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. 3(x − 4) = 15 मधला कंस सोडवताना 3x − 4 लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात; त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दोघींनीही त्याच पायरीवर 7 × 8 = 54 लिहिलं असेल, तर शंका रास्त आहे. तरी कोणी कोणाचं पाहिलं, हे कागद सांगत नाही.

उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स ठेवा आणि दोघींना वेगवेगळं, वर्गाबाहेर भेटा. ‘कॉपी केलीस ना?’ असं विचारू नका. ‘ही पायरी कशी आली, सांग बरं,’ म्हणा, मग तसंच नवं उदाहरण द्या. घाबरलेल्या मुलीला येणारं गणितही सुचत नाही, म्हणून तिच्या गप्प बसण्याला कबुली समजू नका. तिने कबूल केलंच, तर कुठे अडलं होतं ते जरूर विचारा.

शंका उरली, तर मुख्याध्यापकांच्या संमतीने तेवढ्याच प्रश्नांची फेरचाचणी घ्या. पालकांना कळवायचं असेल, तर आधी मुलीला सांगा. वर्गात मात्र नाव घेऊ नका.