दिवाळीच्या सेलला माल किती भरावा

बाळा, यंदा दिवाळीला दुकानावर ‘१५ टक्के सूट’ असा फलक लावायचं तू ठरवलंस. फलक लावायला हरकत नाही. पण गांधीबागेत जाऊन गाठी बांधून आणण्याआधी घरी बसून थोडा हिशेब कर. सेलमध्ये दुकानदार विक्रीने बुडत नाही, सेल उठल्यावर फळीवर उरलेल्या मालाने बुडतो. आणि तो माल उरतो खरेदीच्या दिवशीच, आपल्याला कळतो मात्र भाऊबीजेनंतर.

आधी हे ठरव की फलक नसता तर किती माल गेला असता. दिवाळीत गर्दी असतेच, ती सगळी सूट दिल्यामुळे आली असं समजू नकोस. त्यासाठी जुन्या वह्या काढ, पण इंग्रजी तारखेला तारीख लावू नकोस. लक्ष्मीपूजन २०२४ साली १ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ साली अधिक महिन्यामुळे ८ नोव्हेंबरला आहे. तेव्हा वसुबारसेपासून मागचे दिवस मोजून तेच दिवस एकमेकांशी ताड.

अल्लीपुरात याच्या पुढचीही एक गोष्ट बघावी लागते. आपलं गिऱ्हाईक पगारावर नाही, पिकावर आहे. दिवाळी ऑक्टोबरात आली की सोयाबीन नुकतं निघालेलं असतं, कुणाचं विकलं गेलेलं, कुणाचं अंगणात वाळत पडलेलं, आणि कापसाची पहिली वेचणी कुठे लागलेली, कुठे नाही. दिवाळी नोव्हेंबरात गेली की सोयाबीनचा पैसा हातात आलेला असतो आणि वेचणीला जाणाऱ्या बायांची किलोवरची मजुरी आठवड्याच्या बाजाराला मिळायला लागलेली असते. म्हणून यंदाच्या दिवाळीला मागच्या वर्षाची वही कमी उपयोगाची. २०२३ ची काढ, त्या साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. ती वही यंदाच्या जास्त जवळची आहे. त्यात यंदाच्या पावसाचा आणि सोयाबीनच्या उताऱ्याचा फरक तुझ्या अंदाजाने कर. हिंगणघाटच्या बाजार समितीत काय भाव लागतोय हे शेतकरी दुकानात बसून सांगतातच, ते कान देऊन ऐकत जा.

आता एकच वस्तू घेऊन बघू. साधा पुरुषांचा शर्ट, ४०० ला पडतो आणि ६०० ला जातो. समज, सूट न देता दिवाळीआधीच्या दहा दिवसांत असे ६० शर्ट जातात. नगामागे २०० प्रमाणे १२,००० नफा झाला. आता १५ टक्के सूट दिलीस की भाव ५१० वर आला आणि नगामागे नफा राहिला ११०. तेच १२,००० मिळवायला तुला जवळजवळ ११० शर्ट विकावे लागतील. सूट १५ टक्के दिसते, पण नगामागचा नफा ४५ टक्क्यांनी घटतो. हा आकडा आधी समोर ठेव, मग माल भरायचं बोल.

सूट दिल्यावर विक्री किती होईल याचा एक आकडा धरू नकोस, तीन धर. फार वाईट गेलं तर किती, बहुधा किती, आणि फारच चांगलं गेलं तर किती. समज तुझा अंदाज ७५, ९५ आणि १२० असा निघाला. हा अंदाज मनाने काढू नये. पोळ्याला किंवा दसऱ्याला एखाद्या वस्तूवर तीन-चार दिवस सूट लावून बघ, आणि रोजच्यापेक्षा किती पट गेली ते लिहून ठेव. तोच तुझ्या गावाचा, तुझ्या दुकानाचा आकडा. शहरातल्या दुकानाचा आकडा इथे चालत नाही.

९५ म्हणजे ११० च्या खाली, म्हणून ४०० च्या खरेदीत ही सूट परवडत नाही. मग घाऊक व्यापाऱ्याशी बोल. सूट तू देतोस, माल त्याचाही जास्त उठतो, तेव्हा त्याने भार उचलला पाहिजे. नगामागे २५ रुपये उतरवलेस तर खरेदी ३७५, नफा १३५, आणि बरोबरीला ८९ शर्ट लागतात. ९५ चा अंदाज असेल तर एवढं जमतं.

आता भरायचे किती? इथे बहुतेक जण ‘माल कमी पडू नये’ या भीतीने १२० आणतात. तसं करू नकोस. दोन प्रश्न विचार. एक शर्ट कमी पडला तर काय जातं? १३५ रुपयांचा नफा. एक उरला तर काय जातं? साधा रंग, साधी चौकट असेल तर तो सेलनंतर घाईने काढला तरी ३०० ला जाईल, म्हणजे ७५ चा तोटा. कमी पडण्याचं नुकसान उरण्याच्या नुकसानीहून मोठं आहे, म्हणून मधल्या ९५ पेक्षा थोडे जास्त, १०० च्या आसपास भर. पण तोच शर्ट मोठ्या छापाचा, यंदाच्या फॅशनचा असेल आणि दिवाळीनंतर १५० लाही कुणी हात लावणार नसेल, तर उरलेल्या प्रत्येक नगामागे २२५ च्या वर जातात. तिथे ९५ च्या खालीच थांब, ९० पुरे. चार गिऱ्हाइकं ‘संपला का भाऊ?’ म्हणून परत गेली तरी चालेल. दुकानात प्रत्येक मालाला हे दोन आकडे वेगळे असतात, म्हणून ‘सगळ्याचा दुप्पट माल आण’ असं कधीच करू नये.

शंभरही एकदम आणू नकोस. ६५ आधी आण, ३५ तुझ्या नावाने बाजूला ठेवायला सांग. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, कारण दिवाळीच्या तोंडावर व्यापारी हाती आलेल्या गिऱ्हाइकाला माल देऊन मोकळा होतो. थोडी रक्कम टाकून पावती घे. सेलचे पहिले तीन दिवस बघ, आणि त्यात बाजाराचा दिवस आला होता की नाही तेही बघ. बाजाराचा दिवस धरून वीससुद्धा गेले नाहीत तर ते ३५ सोडून दे, पावतीची रक्कम गेली तरी सोड. तिसाच्या वर गेले तर लगेच फोन कर. शेवटच्या तीन दिवसांत मात्र काहीही मागवू नकोस. त्या दिवसांत दिसणारी गर्दी फसवी असते, माल गाडीतून उतरेपर्यंत ती घरी फराळाला बसलेली असते.

एक बारीक गोष्ट डोळ्यांनी बघ. शर्टांचा सेट येतो ३८, ४०, ४२, ४४ असा, प्रत्येकी एक. आपल्याकडे ४० आणि ४२ आधी उडतात. सेलच्या सहाव्या-सातव्या दिवशी फळीवर वीस शर्ट दिसतील आणि तू म्हणशील माल आहे. जवळ जाऊन कॉलरमागची पट्टी उलटून बघ, सगळे ३८ आणि ४४ निघतील. तो माल नसतो, तो उरलेला माल असतो. म्हणून खरेदीतच सुटे साइज माग, मधले दोन दुप्पट. व्यापारी सेट फोडत नसेल तर त्या जातीचे शर्ट सेलला घेऊच नकोस.

जमेल तेवढा माल जांगड घे. पण परत करायची मुदत बिलावरच लिहून घे, आणि नोकरांना बजाव की घडी मोडायची नाही, टाचण्या काढायच्या नाहीत, पट्टी तोडायची नाही. दाखवायला प्रत्येक साइजचा एक नग उघडा ठेव, बाकी खोक्यात. घडी मोडलेला माल व्यापारी परत घेत नाही, आणि त्यात त्याचं चुकतही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ९५ शर्ट गेले, १३५ प्रमाणे १२,८२५ झाले, म्हणजे सूट न देता मिळाले असते त्यापेक्षा ८२५ जास्त. एवढ्यावर खूश होऊ नकोस. तुळशीच्या लग्नानंतर गावात लग्नं सुरू होतात आणि तेव्हा लोक पुऱ्या भावाने शर्ट घेतात. त्यातले दहा जण सूट आहे म्हणून दिवाळीतच घेऊन गेले, तर पुढे २०० प्रमाणे २,००० चा नफा गेला. सेल तोट्यात गेला आणि गल्ल्याकडे बघून ते कळलंही नाही. म्हणून सेलनंतरचे तीन आठवडेही लिहून ठेव, त्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

खरी वाढ तीच, जी एरवी हिंगणघाटला किंवा वर्ध्याला गेली असती. ती ओळखायची कशी? प्रत्येक बिलावर गिऱ्हाइकाचं गाव लिही. सेलमध्ये आजूबाजूच्या गावांची नवी नावं दिसली तर सूट कामाला आली. सगळी अल्लीपूरचीच आणि रोजची माणसं असतील, तर आपण आपल्याच गिऱ्हाइकाला नफा वाटला. बिग बझारने २००६ साली ‘सबसे सस्ता दिन’ लावला तो दिवाळीत नव्हे, २६ जानेवारीला. सुट्टी आहे, पण खरेदीचा सण नाही, असा दिवस त्यांनी धरला. म्हणून माझं मत असं की सरसकट सूट देण्यापेक्षा ‘शर्टासोबत पँट घेतली तर शर्टावर सूट’ असं लाव, आणि ते धनत्रयोदशीच्या दहा-बारा दिवस आधी, लोक हिंगणघाटची गाडी पकडायचं ठरवतात तेव्हा. पँटमागे १५० सुटतात असं धर. वीस जणांनी एरवी न घेतलेली पँट नेली तरी ३,००० येतात आणि तो तोटा भरून निघतो. पँट आपल्याकडे आहेत, त्यांची वेगळी भरती नको.

सेलची मुदत फलकावर लिहिली असेल त्या रात्री फलक उतरव. माल उरला म्हणून आठ दिवस वाढवलेस की पुढच्या वर्षी लोक शेवटच्या दिवसाची वाट बघत बसतील. उरलेले साधे शर्ट गुपचूप रोजच्या फळीवर ६०० च्या भावात लाव, लग्नसराईत आणि कापसाचा पैसा आल्यावर ते जातात. छापाचे आणि तुटक्या साइजचे आहेत ते वेगळे काढून पहिल्या दोन बाजारांत दुकानासमोर टेबल टाकून संपव. संक्रांतीपर्यंत जे राहील ते फेरीवाल्याला उक्तं देऊन टाक, मिळेल तो पैसा घे. त्या पैशात उन्हाळ्याचा सुती माल येतो, आणि पुढच्या दिवाळीला तो छाप कुणी विचारत नाही.

वह्या कपाटाच्या खालच्या खणात आहेत. २०२३ ची आधी काढ, आणि बिलावर गाव लिहायला दिवाळीची वाट बघू नकोस, उद्याच्या बोहनीपासून लिही.