हप्ता महिन्याचा, हिशोब वर्षाचा

संगमनेर तालुक्यात आमच्यासारख्यांच्या खात्यावर दुधाचं बिल दर दहा दिवसांनी जमा होतं, पण आरोग्य विम्याचे 24,000 रुपये जूनमध्ये एकरकमी भरावे लागायचे. बी-बियाणं आणि पोरांच्या फिया त्याच महिन्यात. म्हणून नूतनीकरणाच्या महिनाभर आधी कंपनीकडे लेखी अर्ज दिला: वार्षिकऐवजी मासिक हप्ता करून द्या. चालू वर्षात मधेच पद्धत सहसा बदलून मिळत नाही, त्यामुळे अर्ज तेव्हाच द्यावा.

मासिक हप्ता आला 2,100 रुपये. वर्षाचे झाले 25,200, म्हणजे 1,200 जास्त. प्रतिनिधी म्हणाला, "पाचच टक्के वाढ आहे, दादा." पण पहिला हप्ता तर लगेच जातो आणि बाकी रक्कम दर महिन्याला घटत जाते. वर्षभर आपल्याकडे सरासरी अकरा हजारच राहतात. त्यावर 1,200 म्हणजे व्याज वर्षाला जवळपास 11 टक्के पडलं. काही कंपन्या मासिक हप्त्यावर अशी वाढ लावत नाहीत, म्हणून दोन्ही पद्धतींची पूर्ण वर्षाची रक्कम लेखी मागावी. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा फरक दिसला तर तो कराचा नव्हे.

खरा फटका दवाखान्यात बसला. चार हप्ते गेले होते आणि वडिलांना ॲडमिट करावं लागलं. कॅशलेस मंजूर झालं, पण डिस्चार्जच्या वेळी मंजूर रकमेतून उरलेले आठ हप्ते, म्हणजे 16,800 रुपये, वळते झालेले दिसले. तेवढे पैसे आम्हाला काउंटरवर भरावे लागले. ही अट पॉलिसीतच असते: क्लेम आला की वर्षाचे सगळे उरलेले हप्ते तिथल्या तिथे देय होतात. पॉलिसीच्या कागदांत हप्त्यांचं कलम काढून ते आधी वाचा. मासिक हप्ता घेतलात तरी उरलेल्या हप्त्यांएवढी रक्कम दवाखान्यासाठी हाताशी लागते.

हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो. ती तारीख दूध बिलानंतर दोन-तीन दिवसांची घ्या. खात्यात पैसे नसले तर बँक दंड लावते आणि मासिक पद्धतीत सवलतीची मुदत 15 दिवसांचीच असते. इतर पद्धतींत ती 30 दिवस आहे. या मुदतीत हप्ता भरला तर प्रतीक्षा काळ शाबूत राहतो. मुदत उलटली तर पॉलिसी रद्द होते, आणि नवीन घेतल्यावर वडिलांच्या मधुमेहासारख्या जुन्या आजाराचा प्रतीक्षा काळ पहिल्यापासून मोजला जातो. तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो.

पुढच्या वर्षापासून आम्ही पतसंस्थेत महिन्याला 2,000 रुपयांची आवर्त ठेव सुरू केली आणि विमा परत वार्षिक केला. पण ज्याच्या घरी जूनमध्ये 24,000 जमणारच नाहीत, त्याने पॉलिसी बंद पडू देण्यापेक्षा ते 1,200 जास्त द्यावेत.