चालू खाते उघडताना ठरावात काय लिहावे?

डाळ मिलसाठी दोघांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली असेल तर आधी संचालक मंडळाची सभा घ्या. संचालक दोनच असतील तर गणपूर्तीला दोघेही हजर लागतात.

ठरावाच्या उताऱ्यात सभेची तारीख, ठिकाण, बँक-शाखा आणि नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसेच कंपनीचे नाव लिहा.

खरी मेख सहीच्या वाक्यात आहे. "दोघांपैकी कोणीही एक" लिहिलं तर एकजण सगळी रक्कम काढू शकतो. "दोघांची संयुक्त सही" लिहिलं तर एक बाहेरगावी गेला की चेक अडकतो. मधला मार्ग असा लिहा:

"₹25,000 पर्यंत कोणाही एका संचालकाची, त्यावर दोघांची संयुक्त सही लागेल."

अशी मर्यादा चालते का, शाखेत आधी विचारा. उतारा लेटरहेडवर घ्या. "खरी प्रत" लिहून संचालकाची सही, डीआयएन व तारीख टाका.

शाखा व्यवस्थापकांच्या पत्रात खाते उघडण्याची विनंती व जोडलेल्या कागदांची यादी द्या: ठराव, नोंदणी प्रमाणपत्र, घटना-नियमावली, कंपनीचे पॅन, संचालकांचे केवायसी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

पुढे सहीदार बदलला तर नवा ठराव लागेल.