पाण्यातील फ्लोराइड : प्रमाण एक, एकके अनेक

विहिरीच्या पाण्याच्या अहवालात फ्लोराइड ‘१५०० पीपीबी’ असे आढळले, तर आपण आकड्याआधी एकक पाहावे. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलो, म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम असते. म्हणून पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजेच एक पीपीएम, दहा लाखांत एक भाग. पीपीबी हा त्याचा हजारावा हिस्सा. तेव्हा १५०० पीपीबी म्हणजे लिटरमागे १.५ मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत सूट. पीपीएमला १०,००० ने भागले की टक्केवारी मिळते : ०.०००१५.

मोलॅरिटीसाठी १.५ ला फ्लोराइडच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे १९ ने, भागावे. उत्तर लिटरमागे ०.०७९ मिलिमोल, अर्थात ०.००००७९ मोलर. मात्र आकडा सोडियम फ्लोराइडचा असेल, तर त्याच्या ४२ भागांत फ्लोराइड १९ च असते, मग १.५ मिलिग्रॅममध्ये ते ०.६८ मिलिग्रॅमच भरते. म्हणून पदार्थाचे नावही आपण वाचलेच पाहिजे.

लिटर व किलोची ही बरोबरी साध्या पाण्यापुरतीच खरी. लिटरला १.२ किलो भरणाऱ्या दाट मिठागरी पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम म्हणजे १.२५ पीपीएम होतात.